टायट्रेशनच्या एंड पॉइंटचे पाच फोटो: बरोबर कोण थांबलं?

खडूफळा

बारावीचं प्रात्यक्षिक, नेहमीचंच: ब्युरेटमध्ये पोटॅशियम परमँगनेट, फ्लास्कमध्ये ०.१ नॉर्मल ऑक्झॅलिक ॲसिड. पिपेटने १० मिली ऑक्झॅलिक, त्यात एक टेस्ट ट्यूबभर (साधारण १० मिली) सौम्य सल्फ्युरिक, जाळीवर ६०–७० अंशांपर्यंत गरम करायचं आणि फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत परमँगनेट सोडायचं. परमँगनेटची बाटली सगळ्यांना एकच, ऑक्झॅलिकही एकच.

यंदा एक नवीन गोष्ट केली. थांबल्याबरोबर फ्लास्क पांढऱ्या टाइलवर ठेवून वरून फोटो काढायचा आणि वाचनासकट ग्रुपवर टाकायचा. एका बॅचमधल्या पाच जणांचे फोटो असे आहेत:

अ – वाचन ९.८. अगदी फिकट गुलाबी, नीट पाहिलं तरच कळतो.
ब – वाचन ९.९. सरळ गुलाबी, लांबूनही दिसतो.
क – वाचन ९.८. रंग जवळजवळ नाहीच. फोटो सगळाच पिवळसर.
ड – वाचन १०.२. पातळ चहासारखा तपकिरी.
इ – वाचन ९.४. सुंदर फिकट गुलाबी, पुस्तकात छापावा असा. हा मात्र बाजूने काढलाय, वरून नाही.

नुसते फोटो बघितले तर मी इ ला पहिला नंबर दिला असता, ब पुढे गेला म्हटलं असतं आणि क आधीच थांबला असं म्हटलं असतं. पण वाचनं पाहिली की हे जुळत नाही. तुम्ही कसं ठरवाल?

धुळेकर

यात ठरवायचं काय आहे? गडद म्हणजे पुढे गेला, फिकट म्हणजे बरोबर, रंग नाही म्हणजे आधी थांबला. अ आणि इ बरोबर, ब पुढे, क आधी. ड ला परत करायला लावा.

ब्युरेटवाला

धुळेकर, निम्मं बरोबर आहे तुमचं. परमँगनेटमध्ये वेगळा इंडिकेटर नसतो, जास्त पडलेलं परमँगनेटच रंग देतं. म्हणजे जितकं जास्त तितका गडद, हे इथे खरंच लागू पडतं. पण एकाच बाटलीतलं द्रावण असताना अ ९.८ ला आणि इ ९.४ ला, दोघेही बरोबर थांबले हे कसं शक्य आहे? मध्ये ०.४ मिली म्हणजे आठएक थेंबांचा फरक आहे. दोघांपैकी एकाच्या फ्लास्कमध्ये काहीतरी वेगळं घडलंय, आणि ते फोटोतल्या रंगावरून कळणार नाही.

खडूफळा सर, आधी तीन गोष्टी सांगा. फोटो थांबल्यावर किती वेळाने काढले? सगळ्यांनी एकाच आकाराचा फ्लास्क वापरला का? आणि क चा फोटो बल्बखाली काढलाय का?

खडूफळा

वेळ कोणी लिहिलेली नाही. फ्लास्क सगळ्यांचे १०० मिलीचे. क चं टेबल कोपऱ्यात आहे, तिथे पिवळा दिवा आहे खरा.

ब्युरेटवाला

मग क चा निकाल इतक्यात लावू नका. पिवळ्या उजेडात फिकट गुलाबी सगळ्यात आधी मरतो. त्यात मोबाइल स्वतःहून रंग 'सुधारतो': फोटोभर एकाच रंगाची झाक दिसली की ती काढून टाकायचा प्रयत्न करतो. त्यामुळे एका फोटोतला रंग दुसऱ्या फोटोतल्या रंगाशी थेट ताडून बघायचाच नाही. एकाच फोटोत द्रावण आणि शेजारची कोरी टाइल यांची तुलना करायची, आणि त्या दोघांतला फरक दुसऱ्या फोटोतल्या फरकाशी ताडायचा.

फोटो कुठल्याही चित्रं रंगवायच्या ॲपमध्ये उघडा. त्यात ड्रॉपरसारखं एक चिन्ह असतं, ते ज्या ठिकाणी टेकवाल तिथल्या रंगाचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे देतं. एकदा फ्लास्कबाहेरच्या टाइलवर टेकवा, एकदा द्रावणाच्या मधोमध. चकाकी आणि काचेच्या कडा टाळा. परमँगनेट हिरवा प्रकाश शोषतं, म्हणून टाइलपेक्षा द्रावणात हिरव्याचा आकडा खाली येईल, लाल आणि निळा जवळजवळ तसेच राहतील. हिरवा किती टक्के पडला तेवढंच बघा.

नाचणी_सत्व

हे आमच्याकडे पण होतं! आम्ही कॉस्टिक सोडा आणि हायड्रोक्लोरिक करतो, फिनॉलफ्थॅलीन घालून. मुलं थांबली तेव्हा गुलाबी, फोटो काढेपर्यंत रंग गायब. तुमच्या क चंही तेच झालं असणार. हवेतला कार्बन डायऑक्साइड!

ब्युरेटवाला

ताई, ती गोष्ट वेगळी. फिनॉलफ्थॅलीनचा रंग हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने जातो, कारण तिथे सगळा खेळ पीएचचा आहे. इथे द्रावण आधीच भरपूर आम्लयुक्त आहे, कार्बन डायऑक्साइडने काही फरक पडत नाही. परमँगनेटचाही रंग उडतो, पण हळूहळू. फ्लास्कमध्ये तयार झालेलं मँगनीजच उरलेल्या परमँगनेटशी सावकाश भिडतं. म्हणून तर अर्धा मिनिट टिकला की पुरे म्हणतात, कायमचा टिकायची वाट कोणी बघत नाही.

आणि तुमच्या प्रयोगात फोटोवरून 'पुढे गेला' एवढंच कळेल, 'किती पुढे गेला' कधीच कळणार नाही. ०.१ नॉर्मल सोड्याचा एक पूर्ण थेंब जरी जास्त पडला तरी फ्लास्कचा पीएच १० च्या आसपास जातो, आणि तिथे फिनॉलफ्थॅलीन जवळपास सगळं रंगीत झालेलं असतं. त्यापुढे पाच थेंब घाला नाहीतर दहा, रंग तेवढाच. उलट एकाने इंडिकेटरचे दोन थेंब टाकले आणि दुसऱ्याने पाच, तर दोघंही बरोबर थांबूनसुद्धा रंग वेगळे दिसतील. परमँगनेटमध्ये ही भानगड नाही, म्हणूनच हा धागा परमँगनेटवर असणं बरं.

नाचणी_सत्व

अच्छा, म्हणजे आमच्याकडे फोटो काढण्यात फारसा अर्थ नाही म्हणा. इंडिकेटरचे थेंब मात्र मोजून घालायला सांगते आता.

खडूफळा

आकडे घेतले. क्रम लाल, हिरवा, निळा.

अ – टाइल २१२, २१०, २०६. द्रावण २१०, १९६, २०३.
ब – टाइल २०५, २०४, २०१. द्रावण २०१, १६०, १९०.
क – टाइल २२८, २०५, १६०. द्रावण २२६, १९३, १५८.
ड – टाइल २१०, २०८, २०४. द्रावण १९०, १६८, १४०.

इ चा फोटो बाजूने असल्यामुळे मागे टाइल नाही, खिडकी आहे.

क चं बघून चकित झालो. हिरवा २०५ वरून १९३, म्हणजे ६ टक्के पडलाय. अ चा २१० वरून १९६, जवळपास ७ टक्के. म्हणजे दोघांचा रंग सारखाच?

ब्युरेटवाला

सारखाच. क च्या टाइलचा निळ्याचा आकडा बघा, १६०. पिवळ्या दिव्याने निळा खाऊन टाकलाय, त्यामुळे डोळ्याला गुलाबी दिसतच नाही. दोघांचं वाचनही ९.८ आहे. क आधी थांबलेला नाही.

ब चा हिरवा २०४ वरून १६०, म्हणजे साडेएकवीस टक्के. तो पुढे गेलाय, प्रश्न किती एवढाच. त्यासाठी ओळखीच्या नमुन्याचे फोटो हवेत. १०० मिलीचेच चार फ्लास्क घ्या. प्रत्येकात २० मिली पाणी आणि १० मिली तेच सौम्य सल्फ्युरिक, म्हणजे एकूण ३० मिली, टायट्रेशनच्या शेवटी असतं तेवढंच. पहिला कोरा ठेवा, बाकीच्यांत त्याच ब्युरेटने परमँगनेटचे एक, दोन आणि चार थेंब. त्याच टाइलवर, त्याच उजेडात, वरून लगेच फोटो. पाणी डिस्टिल्डच घ्या. नळाच्या पाण्यातला कचरा एखादा थेंब गिळून टाकतो आणि मग नमुनाच खोटा पडतो.

थेंब केवढा आहे तेही तपासा. २० थेंब मोजून सोडा आणि वाचन घ्या. १ मिली भरलं तर थेंब ०.०५ मिलीचा. काही ब्युरेटचं तोंड जाड असतं, थेंब मोठा पडतो.

तारकर्ली

एक शंका. कोणी फ्लास्कच्या कडा धुवायला पाणी जास्त वापरलं तर रंग फिका पडेल ना? मग थेंबाचा हिशेब कसा जुळणार?

ब्युरेटवाला

तारकर्ली, चांगला प्रश्न. बाजूने फोटो काढला तर नक्की चुकेल. वरून काढला तर फारसा नाही. वरून बघताना उजेड द्रावणाच्या खोलीतून जातो. पाणी घातलं की द्रावण पातळ होतं पण खोली तेवढीच वाढते, आणि वाटेत येणारं परमँगनेट एकूण तेवढंच राहतं. शंकूचा फ्लास्क वर निमुळता असल्याने हिशेब अगदी काटेकोर बसत नाही, पण १०–१५ मिली पाण्याने बिघडत नाही. म्हणून वरून फोटो घ्यायची खडूफळा सरांची अट योग्य आहे, आणि म्हणूनच इ चा फोटो या रांगेत बसत नाही. बाजूने बघताना उजेड पाचसहा सेंटिमीटर द्रावणातून येतो, वरून बघताना तळ जेमतेम एक सेंटिमीटर खोल असतो, उजेड टाइलवरून परत येताना तो दोनदा ओलांडतो म्हणून दोन सेंटिमीटर धरा. तेच द्रावण बाजूने अडीचतीनपट गडद दिसतं. तरी ते 'सुंदर फिकट' दिसतंय म्हणजे प्रत्यक्षात त्यात परमँगनेट फारच थोडं आहे.

धुळेकर

फ्लॅश लावला तर पिवळ्या दिव्याचा प्रश्नच मिटेल की. सगळ्यांना फ्लॅश लावायला सांगा.

प्रयोगवही

फ्लॅश नको. द्रावणाच्या पृष्ठभागावर मधोमध पांढरा ठिपका उमटतो, नेमकं जिथे रंग मोजायचा तिथेच. खिडकीजवळचं एक टेबल ठरवून द्या, पण थेट ऊन पडणारं नको, आणि सगळ्यांनी तिथेच येऊन फोटो काढावा. गणवेश लाल-मरून असेल तर मुलाने टाइलवर ओणवं होऊ नये, कापडाचा रंग टाइलवर पडतो.

दुसरं म्हणजे वाफ. फ्लास्क ६० अंशांना आहे, वर मोबाइल धरला की लेन्सवर बाष्प जमतं आणि सगळा फोटो धुकट येतो. धुक्यात रंग फिका दिसतो, म्हणजे पुढे गेलेला मुलगा बरोबर थांबल्यासारखा भासतो. मोबाइल हातभर उंच धरून झूम करायचा, लेन्स पुसून लगेच क्लिक.

आणि व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखा पाठवला की आकार दाबला जातो आणि अशा फिकट रंगाचे बारकावे पुसट होतात.

खडूफळा

नमुने केले. २० थेंबांना वाचन १.० मिली, म्हणजे थेंब ०.०५ चाच. हिरव्याची घट:

कोरा – १ टक्का
एक थेंब – ११ टक्के
दोन थेंब – २१ टक्के
चार थेंब – ३७ टक्के

चार थेंबांना ४४ यायला हवे होते ना? की माझं काही चुकलं?

ब्युरेटवाला

काही चुकलं नाही. प्रत्येक थेंब उरलेल्या उजेडाचा तेवढाच हिस्सा खातो, मूळ उजेडाचा नाही. एका थेंबाने १०० चे ८९ उरले, दुसऱ्याने ८९ चे ७९, चार थेंबांनी सुमारे ६३. म्हणजे ३७ ची घट. तुमचे आकडे अगदी चोख जुळलेत.

आता ब बघा: साडेएकवीस टक्के, म्हणजे दोन थेंब जास्त, म्हणजे ०.१ मिली. त्याचं वाचन ९.९. वजा करा, ९.८. अ आणि क यांची घट ६–७ टक्के, म्हणजे एका थेंबाहूनही कमी, साधारण अर्धा. असंच असायला हवं, कारण खरा एंड पॉइंट शेवटच्या थेंबाच्या मध्ये कुठेतरी येतो आणि थेंबाचा उरलेला भाग रंग देतो. म्हणजे अ, ब, क तिघांचाही मूळ एंड पॉइंट ९.८ ला. ब फक्त दोन थेंब उशिरा थांबला.

धुळेकर

मग ब चे मार्क कापायचे की नाही? ब्युरेटचा सर्वात लहान भाग ०.१ चा. त्याची चूक एका भागाएवढी, ती तर वाचण्यातही होऊ शकते.

प्रयोगवही

परीक्षेत सीबीआर, म्हणजे ब्युरेटचं कायम येणारं वाचन बघतात. पायलट म्हणजे पहिलं अंदाजाचं वाचन सोडून तीन वाचनं घ्यायची, त्यातलं कायम येतं ते लिहायचं. ब ची तिन्ही वाचनं ९.९ आली असतील तर तो दर वेळी दोन थेंब उशिरा थांबतो, म्हणजे डोळ्याची सवय चुकीची आहे पण हात स्थिर आहे. माझ्या मते अशा मुलाला पूर्ण मार्क द्यावेत आणि कानात सांगावं. ९.७, १०.१, ९.८ अशी वाचनं घेऊन मधलं लिहिणारा जास्त काळजीचा.

धुळेकर

मला नाही पटत. प्रश्न एंड पॉइंट ओळखण्याचा आहे, हात स्थिर असण्याचा नाही. सातत्याने चुकीचं म्हणजे चुकीचंच.

तारकर्ली

एंड पॉइंटचा अर्धा मार्क आणि सीबीआरचा वेगळा मार्क, असं वाटून टाका. भांडण संपेल.

ब्युरेटवाला

मार्कांचं तुम्ही बघा. मला ड आणि इ मध्ये जास्त रस आहे, कारण तिथे थांबण्याची वेळ हा प्रश्नच नाही.

ड चे आकडे पुन्हा बघा. हिरवा १९ टक्के पडलाय, पण निळा २०४ वरून १४०, म्हणजे ३१ टक्के. लालसुद्धा पडलाय. परमँगनेटमध्ये निळा असा कोसळत नाही. हा मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी आहे. ते विरघळलेलं नसतं, बारीक गाळ असतो. पुढच्या वेळी टाइलवर पेन्सिलने एक फुली मारून तिच्यावर फ्लास्क ठेवायला सांगा. नुसतं परमँगनेट कितीही गडद असलं तरी फुलीच्या रेषा कापल्यासारख्या स्वच्छ दिसतात. तपकिरी गाळ असेल तर फुली विरघळल्यासारखी अस्पष्ट होते. फोटोतही हे लगेच कळतं.

कारणं बहुतेक तीन. ॲसिड घातलंच नाही किंवा कमी घातलं. फ्लास्क पुरेसा गरम नव्हता आणि परमँगनेट एकदम सोडलं. किंवा धार सोडली आणि फ्लास्क हलवलाच नाही, त्यामुळे जिथे धार पडली तिथे परमँगनेट साचलं. अशा वेळी परमँगनेट पूर्ण पायरी उतरत नाही, मधेच अडकतं. ऑक्झॅलिक संपवायला मग ते जास्त लागतं, आणि वाचन वर जातं. १०.२ त्याच्याशी जुळतं.

खडूफळा

ड म्हणतो ॲसिड घातलं होतं.

प्रयोगवही

टेस्ट ट्यूब कुठली घेतली ते विचारा. लहान ट्यूब असेल तर ५–६ मिलीच भरतं. तपकिरी झाल्यावर त्याने काय केलं तेही विचारा. सुरुवातीलाच तपकिरी झालं असेल आणि ऑक्झॅलिक अजून शिल्लक असेल, तर थोडं ॲसिड घालून परत गरम करून हलवलं की गाळ विरघळतो आणि द्रावण स्वच्छ होतं. शेवटच्या थेंबांना तपकिरी झालं असेल तर मात्र ते ओतून द्यायचं, त्यातून वाचन काढायचं नाही.

मोहरीचं_तेल

मध्येच विचारतो, विषय थोडा वेगळा आहे. एका मुलाला लाल-हिरवा नीट कळत नाही. त्याला हा फिकट गुलाबी दिसतच नाही, तो नेहमी चारपाच थेंब पुढे जातो. फोटोतले आकडे त्याला वापरू द्यावेत का?

ब्युरेटवाला

शिकताना जरूर वापरू द्या. शेजारी कोरा नमुना ठेवून दोन फ्लास्कमधला गडद-फिक्याचा फरक ओळखायला शिकवा, रंगाचं नाव नको. अशा काही मुलांना एकटा फ्लास्क बघून कळत नाही, पण शेजारी कोरा ठेवला की 'हा किंचित काळसर आहे' एवढं कळतं. परीक्षेत मोबाइल चालणार नाही, तिथलं मला सांगता येणार नाही.

प्रयोगवही

परीक्षेला कोरा फ्लास्क ठेवायला कोणी अडवत नाही, तेवढं करता येईल. बाकी परीक्षकावर आहे.

खडूफळा

आता इ. वाचन ९.४, रंग झकास. तिचं म्हणणं, रंग अर्धा मिनिट टिकला होता, तिने घड्याळ लावून बघितलं.

धुळेकर

ऑक्झॅलिक उकळलं असेल. उकळलं की ते थोडं फुटतं, परमँगनेट कमी लागतं, वाचन खाली येतं.

ब्युरेटवाला

होऊ शकतं, धुळेकरांचं हे कारण खरं आहे. म्हणून तर ७० च्या वर नेऊ नका म्हणतात. पण मला दुसरी शंका जास्त वाटते. ही अभिक्रिया मुळात हळू चालते, थंड फ्लास्कमध्ये तर अगदीच हळू. सुरुवातीचे पहिले दोन थेंबसुद्धा पाचदहा सेकंद गुलाबी राहतात ते याचमुळे. मग मँगनीज तयार होतं आणि तेच पुढचं काम वेगाने करवून घेतं. शेवटी मात्र ऑक्झॅलिक जवळजवळ संपलेलं असतं, आणि त्यात फ्लास्क ४०–४५ अंशांवर आला असेल तर शेवटचा थेंब अर्धा मिनिट काय, त्याहूनही जास्त गुलाबी दिसू शकतो. ऑक्झॅलिक शिल्लक असूनही.

हावभावावरून ओळखता येतं. गरम फ्लास्कमध्ये शेवटापर्यंत प्रत्येक थेंबाचा रंग हलवल्याबरोबर जातो, आणि मग एका थेंबावर अचानक टिकतो. थंड पडलेल्या फ्लास्कमध्ये रंग हळूहळू रेंगाळायला लागतो, दोन सेकंद, पाच सेकंद, वीस सेकंद. सावकाश काम करणारी, काळजी घेणारी मुलं यात हमखास सापडतात. दर थेंबाला थांबून बघत बसतात आणि तेवढ्यात फ्लास्क गार होतो.

तपासायचं सोपं आहे. फ्लास्क परत जाळीवर ठेवा, वाफा यायला लागेपर्यंत गरम करा, उकळू नका. काही सेकंदांत गुलाबी गेला तर एंड पॉइंट आलाच नव्हता. ऑक्झॅलिक उकळून फुटलं असेल तर गुलाबी लगेच जाणार नाही. दोन्ही कारणं इथेच वेगळी होतात.

तारकर्ली

पण गरम केल्यावर परमँगनेट मँगनीजशीही वेगाने भिडेल ना? म्हणजे बरोबर थांबलेल्याचाही रंग जाईल?

ब्युरेटवाला

जातो, पण त्याला मिनिटं लागतात आणि रंग जाताना द्रावण किंचित पिवळट-तपकिरी होतं. ऑक्झॅलिक शिल्लक असेल तर सेकंदांत जातो आणि द्रावण पाण्यासारखं स्वच्छ राहतं. अगदी अर्ध्या थेंबाचा प्रश्न असेल तर दोन्हींतला फरक ओळखणं मलाही अवघड वाटतं. आठ थेंबांचा असेल तर संशय राहत नाही.

खडूफळा

इ ला आज परत करायला लावलं, माझ्यासमोर. तिच्या नेहमीच्या चालीने. ९.३ ला रंग रेंगाळायला लागला, ९.४ ला तिने थांबून घड्याळ लावलं, अर्धा मिनिट टिकला. फ्लास्कच्या बुडाला हात सहज लावता येत होता. जाळीवर ठेवला, वाफ दिसायच्या आधीच रंग गेला, द्रावण स्वच्छ. खाली उतरवून पुढे सोडलं, ९.८ ला टिकला. त्याचा फोटो वरून घेतला, हिरव्याची घट ८ टक्के.

ड नेही परत केलं. टेस्ट ट्यूब खरंच लहान होती, पण या वेळी मोठी ट्यूब घेऊनही थोडासा तपकिरी आला, वाचन १०.०.

प्रयोगवही

परमँगनेट किती वेगाने सोडतो ते बघा, आणि सुरुवातीला फ्लास्क किती गरम आहे ते थर्मामीटर लावून बघा. पहिला थेंब पूर्ण जाईपर्यंत दुसरा सोडायचा नाही, एवढंच सांगा.

ब्युरेटवाला

सल्फ्युरिकची बाटली कोणी भरली आणि कधी, तेही विचारा. बाकीच्या चौघांनी त्याच बाटलीतून घेतलं असेल तर प्रश्न नाही, पण ड चं टेबल वेगळं असेल तर तिथली बाटली जास्त पातळ असू शकते. त्याच्या टेबलावरचं ॲसिड अ ला वापरायला द्या. अ चाही तपकिरी आला तर बाटली, नाही आला तर ड चा हात.

खडूफळा

ड चं टेबल क च्या शेजारचं, त्या कोपऱ्यातलं. क ने मात्र ॲसिड पुढच्या टेबलावरून आणलं होतं, हे आत्ता कळलं. सोमवारी अ ला ती बाटली देतो आणि इथे टाकतो.